प्रश्न स्टॉलवर, उत्तर महिन्याभराने

जानेवारी आला की भोसरी, चाकण, चिंचवडच्या पट्ट्यातले कारखानदार बंगळुरूची तिकिटं काढतात. तुमकुरू रस्त्यावरच्या बीआयईसी या भल्यामोठ्या केंद्रात 'इमटेक्स' हे मशीन टूल्सचं प्रदर्शन भरतं. एका वर्षी धातू कापणाऱ्या यंत्रांचं, पुढच्या वर्षी धातूला दाबून-वाकवून आकार देणाऱ्या यंत्रांचं. २०२५ साली कापणीचं झालं. मशीन, टूल, मोजमापाची उपकरणं, कूलंट, सॉफ्टवेअर, या उद्योगात जे काही विकलं जातं ते पाच-सात दिवस एका छपराखाली असतं. विकणारे आणि विकत घेणारे तर येतातच, पण अलीकडे आणखी एक वर्ग ठळक दिसू लागला आहे. इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षात कारखान्यात सहा महिने इंटर्नशिप करणारी मुलं-मुली. कारखान्याचे साहेब त्यांना 'चल, बघून घे' म्हणून सोबत आणतात.

मी कटिंग टूल्सच्या क्षेत्रात काम करतो आणि अशा प्रदर्शनांत बरीच वर्षं स्टॉलच्या आतल्या बाजूला उभा राहिलो आहे. तिथून ही मुलं येताना-जाताना दिसतात. बहुतेकांच्या हातात कॅटलॉगनी भरलेली पिशवी असते आणि फोनमध्ये मशीनचे व्हिडिओ. काहीजण थेट विचारतात, "सर, तुमच्याकडे व्हेकन्सी आहे का?" आणि बायोडेटा पुढे करतात. त्यांची धडपड खरी असते. पण स्टॉलवर उभ्या असलेल्या माणसाला नोकरी देण्याचा अधिकार जवळजवळ कधीच नसतो. तो सेल्सचा किंवा ॲप्लिकेशनचा इंजिनिअर असतो. बायोडेटा घेऊन तो काउंटरखाली ठेवतो आणि संध्याकाळी आवराआवर करताना तो कागद कॅटलॉगांच्या ढिगात कुठेतरी जातो.

त्या माणसाकडे देण्यासारखं जे असतं ते वेगळं असतं. तो वर्षभर वेगवेगळ्या कारखान्यांत फिरतो. कुठल्या शॉपमध्ये कुठली अडचण कशी सुटली, कुठे सुटली नाही, हे त्याच्या डोक्यात साठलेलं असतं. आणि इंटर्नकडे असं काहीतरी असतं जे वर्गात बसणाऱ्या विद्यार्थ्याकडे नसतं: रोज डोळ्यांसमोर घडणारी एक खरी अडचण. या दोन गोष्टींची गाठ पडली तरच स्टॉलवरच्या पाच मिनिटांची ओळख होते. म्हणून प्रदर्शनाला जाण्याआधी एकच काम नीट करावं. आपल्या कारखान्यातला एक प्रश्न निवडावा, आकड्यांसह.

एका मुलीचं उदाहरण सांगतो. ती भोसरीतल्या एका जॉबवर्क करणाऱ्या कारखान्यात इंटर्न होती. तिथे हायड्रॉलिक यंत्रणेचे मॅनिफोल्ड बनत. मॅनिफोल्ड म्हणजे स्टीलचा ठोकळा, ज्याच्या आत आडवी-उभी भोकं पाडून तेलाच्या वाटा केलेल्या असतात. एक भोक दुसऱ्या भोकात जिथे उघडतं तिथे ड्रिल बाहेर पडताना धातूची पातळ, धारदार कड उरते. शॉपमध्ये तिला 'बर' म्हणतात. ही बर आतच राहिली आणि पुढे तेलाच्या दाबाने सुटली, तर तिचा कण जाऊन व्हॉल्व्हमध्ये अडकतो. तिथल्या सरकत्या भागांमधली फट काही मायक्रॉनची असते, त्यामुळे केसाहून बारीक कणही मशीन बंद पाडू शकतो. म्हणून प्रत्येक ठोकळ्यातली बर काढावीच लागते. या कारखान्यात दोन माणसं बारीक कानस आणि ब्रश घेऊन, टॉर्च मारून, हाताने ती काढत होती.

ती स्टॉलवर आली तेव्हा तिने आधी नाव आणि कारखाना सांगितला, मग म्हणाली, "सर, मी इंटर्न आहे, खरेदीचं मी ठरवत नाही. पण एक प्रश्न विचारू का? आमच्याकडे आठ मिलिमीटरचं भोक वीसच्या भोकात उघडतं, माइल्ड स्टीलमध्ये. हाताने बर काढायला एका ठोकळ्याला चार मिनिटं लागतात, आणि महिन्याला नऊशे ठोकळे आहेत. यावर लोक काय करतात?"

या पाच वाक्यांत काय काय होतं ते पाहा. आपण कोण आहोत आणि कोण नाही हे तिने पहिल्याच वाक्यात सांगितलं, त्यामुळे समोरच्याला तिला ग्राहक समजून बोलावं लागलं नाही. भोकांची मापं आणि धातू सांगितला, त्यामुळे मला तांत्रिक विचार सुरू करता आला. आणि वेळ नि संख्या सांगितली. चार मिनिटं गुणिले नऊशे म्हणजे महिन्याला साठ तास. साठ तास म्हटल्यावर त्या अडचणीची किंमत कळते आणि तिच्यावर किती खर्च करणं शहाणपणाचं ठरेल याचा अंदाज येतो. 'आम्हाला बरचा फार त्रास होतो' एवढंच ती म्हणाली असती, तर मी तिला कॅटलॉग दिला असता आणि पुढच्या माणसाकडे वळलो असतो.

मी तिला विचारलं, "ड्रॉइंग आहे का? दाखवलंस तर लगेच सांगतो." ती म्हणाली, "ड्रॉइंग आमच्या ग्राहकाचं आहे, ते मी दाखवू शकत नाही. एवढे आकडे सांगायची परवानगी मी साहेबांकडून घेऊन आले आहे."

इंटर्नच्या बाबतीत सर्वांत जास्त गोंधळ इथे होतो, म्हणून इथे थोडं थांबतो. जॉबवर्क करणाऱ्या कारखान्यातलं ड्रॉइंग बहुधा त्या कारखान्याचंही नसतं, ते ज्याच्यासाठी भाग बनतो त्या मोठ्या कंपनीचं असतं. ते गुप्त ठेवण्याचा करार झालेला असतो आणि इंटर्नशिपच्या पहिल्या दिवशी सही केलेल्या कागदांत त्याचा उल्लेख असतो, जो कुणी वाचत नाही. ग्राहकाचं नाव, भागाचा नंबर, दर, रिजेक्शनची टक्केवारी, शॉपचे फोटो, यांतलं काहीही परवानगीशिवाय बाहेर सांगायचं नाही. फोनमधला एखादा फोटो उत्साहाच्या भरात दाखवला जातो, त्यात मागच्या फळ्यावर ग्राहकाचं नाव लिहिलेलं असतं, आणि शेजारी उभा असलेला माणूस नेमका त्या ग्राहकाच्या दुसऱ्या पुरवठादाराकडचा निघतो. उद्योग तेवढाच लहान आहे. म्हणून निघण्याआधी आपल्या गाईडसमोर बसून प्रश्न कागदावर लिहावा आणि विचारावं, यातलं काय सांगू आणि काय नको. हे दहा मिनिटांचं काम आहे. त्यातून आणखी एक फायदा होतो: गाईडला कळतं की हे पोर तिथे फिरायला चाललेलं नाही. बऱ्याचदा ते स्वतःच सांगतात, अमुक स्टॉलवर जा, तिथे माझं नाव सांग.

'ड्रॉइंग दाखवू शकत नाही' हे वाक्य ऐकून मला तिच्याबद्दल विश्वास वाटला. जी मुलगी आज दुसऱ्याचं ड्रॉइंग सांभाळते ती उद्या माझ्याकडचीही माहिती सांभाळेल, असा हिशेब अनुभवी माणसाच्या मनात आपोआप होतो.

मी तिला दोन गोष्टी सांगितल्या. पहिली, बर काढण्याआधी ती कमी का करत नाही? ड्रिलची धार गेली की ते कापण्याऐवजी धातू पुढे ढकलतं आणि बर जाड होते. "तुमच्याकडे ड्रिल किती भोकांनंतर बदलतात?" तिला माहीत नव्हतं. तिने तसं सांगितलं आणि प्रश्न वहीत लिहून घेतला. दुसरी गोष्ट, आतली कड मशीनवरच मोडणारी टूल्स मिळतात. ती भोकातून आत जातात आणि बाहेर पडण्याच्या कडेवर हलकासा उतार पाडतात. पण गोल भोकात गोल भोक उघडलं की ती कड सपाट नसते, घोड्याच्या खोगिरासारखी वर-खाली होते. साधं टूल तिथे एका बाजूला जास्त आणि दुसऱ्या बाजूला काहीच कापत नाही. दोन्ही भोकांचे व्यास जितके जवळचे, तितकी ती कड जास्त खोल वळते आणि काम तितकं अवघड होतं. आठ आणि वीस हे प्रमाण त्या मानाने सोपं आहे, चाचणी घेण्यासारखं. एवढं बोलणं झालं तोवर मागे दोन ग्राहक येऊन उभे राहिले होते. तिने आभार मानले, कार्ड घेतलं आणि बाजूला झाली.

बाजूला होणं हीदेखील महत्त्वाची गोष्ट आहे. स्टॉलचा एका दिवसाचा खर्च मोठा असतो आणि आतल्या माणसाला संध्याकाळी आपल्या साहेबांना सांगावं लागतं की आज किती कामाच्या चौकशा झाल्या. म्हणून वेळ निवडावी. दुपारी बारा ते चार मोठे ग्राहक येतात, तेव्हा विद्यार्थ्याने लांब प्रश्न घेऊन जाऊ नये. सकाळी दारं उघडल्यावरचा पहिला तास उत्तम, कारण माणसं ताजी असतात आणि गर्दी यायची असते. शनिवार-रविवारी कॉलेजच्या सहलींची झुंबड असते, त्या दिवशी कुणालाच नीट बोलता येत नाही. सेमिनारच्या चहाच्या वेळीही चांगल्या गाठी पडतात, आणि तिथे भेटणारे विकणारे नसून आपल्यासारख्याच दुसऱ्या कारखान्यातले असतात. त्यांना 'तुमच्याकडे हे कसं करता?' असं विचारता येतं. त्यांचं उत्तर जास्त रोखठोक असतं, कारण त्यांना काही विकायचं नसतं.

नावनोंदणीबद्दलही एक सांगतो. गळ्यातल्या बॅजवर क्यूआर कोड असतो. स्टॉलवरचा माणूस तो स्कॅन करतो तेव्हा नोंदणी करताना भरलेला फोन, ईमेल आणि कंपनीचं नाव त्याच्या यादीत जातं. ती यादी पुढे सेल्सच्या माणसांकडे जाते, आणि चौकशा साधारण तीन प्रकारांत वाटल्या जातात: लवकर खरेदी करणारे, विचार करत असलेले आणि नुसते बघून गेलेले. इंटर्नने कंपनीच्या नावाने नोंदणी केली असेल तर पुढचे कित्येक दिवस कारखान्यात फोन येत राहतात. म्हणून कोणाचा नंबर आणि कोणता ईमेल द्यायचा हे आधी कारखान्यात विचारून घ्यावं. आणि दिसेल तिथे बॅज स्कॅन करू देऊ नये.

आता मुख्य भाग, प्रदर्शनानंतरचा.

त्या संध्याकाळी मुक्कामाच्या खोलीवर जाऊन तिने काय केलं हे मला नंतर कळलं. मिळालेल्या प्रत्येक कार्डाच्या मागे तिने तीन गोष्टी लिहिल्या: माणूस कुठे भेटला, काय बोलणं झालं, आणि आपण काय करायचं कबूल केलं. हे त्याच दिवशी करावं लागतं. दुसऱ्या दिवशी आणखी माणसं भेटतात आणि कालचे चेहरे पुसट होतात. लिहून झाल्यावर कार्डांचे आपोआप दोन गठ्ठे पडतात. ज्या कार्डामागे लिहायला काहीच सुचत नाही, त्या माणसाशी आपली ओळख झालेली नसते, फक्त कार्ड मिळालेलं असतं. त्याला ईमेल पाठवायची गरज नाही. दिवसभरात वीस कार्डं जमली आणि त्यांतल्या चार माणसांशी खरं बोलणं झालं असेल, तर चारच ईमेल पाठवायचे.

तिचा ईमेल दुसऱ्या दिवशी सकाळी आला. आमच्या व्यवसायात पत्रव्यवहार इंग्रजीत चालतो, तिचाही तसाच होता. त्यातला आशय मराठीत असा:

"सर, काल दुपारी तुमच्या स्टॉलवर मी आठ मिलिमीटरच्या भोकाच्या बरबद्दल विचारलं होतं. तुम्ही दोन गोष्टी सुचवल्या. ड्रिल किती भोकांनंतर बदलतो ते आधी बघा, आणि मग कड मोडणाऱ्या टूलची चाचणी घ्या. पहिली गोष्ट मी पुढच्या तीन आठवड्यांत मोजणार आहे आणि काय दिसलं ते तुम्हाला कळवीन. टूलची माहिती पाठवता आली तर आमच्या प्रॉडक्शन मॅनेजरना दाखवते. त्यांना या ईमेलची प्रत दिली आहे. ड्रॉइंगबद्दल काय करायचं ते तेच ठरवतील."

विषयाच्या ओळीत तिने कारखान्याचं नाव आणि 'आठ मिमी भोक, बर' एवढंच लिहिलं होतं. प्रदर्शन संपवून घरी परतलेल्या माणसाच्या इनबॉक्समध्ये शेकडो न वाचलेले ईमेल असतात. त्यांत 'भेटून आनंद झाला' असा विषय असलेला ईमेल कुणाचा हे उघडल्याशिवाय कळत नाही, आणि उघडला तरी चेहरा आठवत नाही. 'आठ मिमी भोक' म्हटल्यावर मला ती मुलगी, तिची वही, मागे उभे असलेले दोन ग्राहक, सगळं आठवलं.

या ईमेलमध्ये माझ्याकडून मागितलेली गोष्ट एकच होती, आणि ती पाठवायला मला दोन मिनिटं पुरली. मॅनेजरला प्रत दिल्यामुळे हा व्यवहार कारखान्याच्या नजरेसमोर राहिला. इंटर्न आणि बाहेरचा पुरवठादार यांच्यात कारखान्याच्या कामाबद्दल परस्पर बोलणं चालू आहे हे नंतर कळलं, तर कुठल्याही मॅनेजरच्या कपाळावर आठी पडेल. शिवाय तिने कळवायचं वचन दिलं होतं, तेही तारखेच्या अंदाजासह. पुढचा ईमेल कधी आणि का येणार हे दोघांनाही आता माहीत होतं.

फोनवर काय पाठवावं हा प्रश्न मुलं हमखास विचारतात. आपल्याकडे अर्धा उद्योग व्हॉट्सॲपवर चालतो हे खरं आहे आणि कार्डावरचा नंबर कामासाठीच असतो. पण पहिला निरोप ईमेलने द्यावा, म्हणजे तो शोधता येतो आणि पुढे पाठवता येतो. व्हॉट्सॲपवर फार तर एक ओळ: 'सर, भोसरीच्या कारखान्यातली इंटर्न, ईमेल केला आहे.' व्हॉइस मेसेज, सणांच्या शुभेच्छा आणि रात्री दहानंतरचे निरोप टाळावेत. लिंक्डइनवरही विनंती पाठवताना दोन ओळींची जागा मिळते, तिथे कुठे भेटलो ते लिहावं. मुलींना माझा आणखी एक सल्ला आहे. स्वतःचा वैयक्तिक नंबर देण्याचं कुठलंही बंधन तुमच्यावर नाही. ईमेल देणं पुरेसं आहे, आणि ज्याला कामाचं बोलायचं आहे त्याला ते चालतं. कुणी कामाचं सोडून भलतंच बोलू लागलं तर उत्तर देणं थांबवावं आणि गाईडला सांगावं. उत्तर देत राहण्याची सभ्यता इथे पाळायची नसते.

ईमेलच्या पत्त्याची एक बारीक अडचण आहे, जी सहा महिन्यांनी लक्षात येते. इंटर्नशिप संपली की कंपनीने दिलेला ईमेल बंद होतो आणि त्यातली सगळी ओळख त्याबरोबर जाते. कामाचा पत्रव्यवहार कंपनीच्याच पत्त्यावरून व्हायला हवा, ते बरोबर. पण माणसाशी असलेली ओळख आपली असते. ती लिंक्डइनवर जोडून ठेवावी आणि निघताना शेवटच्या ईमेलमध्ये आपला कायमचा पत्ता कळवावा. पत्ते आणि माणसं न्यावीत, कारखान्याच्या फाइली मात्र नेऊ नयेत.

आता त्या बरचं काय झालं ते सांगतो.

तिने आधी शॉपमध्ये चौकशी केली. ड्रिल बदलण्याचा काही नियमच नव्हता. ऑपरेटरला आवाज बदललेला ऐकू आला की तो ड्रिल काढून धार लावायला देई. तिने नव्या ड्रिलने पाडलेलं भोक आणि बदलायला आलेल्या ड्रिलने पाडलेलं भोक, असे दोन रिजेक्ट झालेले ठोकळे मधोमध कापून घेतले आणि मोजमापाच्या खोलीत ती कड मोठी करून पाहिली. नव्या ड्रिलची बर साधारण एक दशांश मिलिमीटर उंच होती, झिजलेल्याची त्याच्या चौपट. मग तिने मॅनेजरना विचारून एका मशीनवर आवाजाची वाट न पाहता ठरावीक भोकांनंतर ड्रिल बदलायला लावलं. त्या मशीनच्या ठोकळ्यांची बर हाताने काढायला चार मिनिटांऐवजी अडीच मिनिटं लागू लागली. ड्रिलला धार लावण्याचा खर्च वाढला, पण दीड मिनिट गुणिले नऊशे म्हणजे महिन्याला साडेबावीस तास वाचण्याची शक्यता दिसली.

चौथ्या आठवड्यात तिचा दुसरा ईमेल आला. त्यात हे आकडे होते, कापलेल्या कडेचे दोन फोटो होते, 'मॅनेजरच्या परवानगीने पाठवत आहे' असं स्पष्ट लिहिलेलं होतं, आणि शेवटी एक वाक्य: 'टूलची चाचणी अजून झालेली नाही, कारण ठोकळा पकडायच्या फिक्स्चरमुळे टूल आतपर्यंत जात नाही.' म्हणजे माझं टूल विकलं गेलं नव्हतं. तरीही त्या वर्षीच्या प्रदर्शनातून मला आलेल्या सगळ्या पत्रांत हे पत्र मला सर्वांत मोलाचं वाटलं, आणि त्याचं कारण मी पुरतेपणी सांगू इच्छितो.

स्टॉलवर उभा असलेला माणूस दिवसाला शंभर जणांना सल्ला देतो. त्या सल्ल्याचं पुढे काय झालं हे त्याला जवळजवळ कुणीच सांगत नाही. ज्याने टूल घेतलं तो तक्रार असली तरच फोन करतो आणि ज्याने घेतलं नाही तो गप्प असतो. आपण सांगितलेलं खरं ठरलं की नाही हे कळणं ही त्या माणसाची भूक असते, आणि ती भागवणं इंटर्नच्या हातात असतं. नुसतं 'काय चाललंय सर' विचारणाऱ्या ईमेलला उत्तर द्यायला काहीच नसतं. 'तुम्ही सांगितलेलं करून पाहिलं, असं झालं' या ईमेलला उत्तर दिल्याशिवाय राहवत नाही. सल्ला फसला असेल तर ते कळवणं जास्तच उपयोगी, फक्त काय केलं आणि काय दिसलं ते नेमकं लिहावं. मी तिला त्याच दिवशी फोन केला, फिक्स्चर कसं बदलता येईल त्यावर बोललो आणि पुढे तिच्या मॅनेजरशी चाचणीची तारीख ठरवली.

अशा पुसट ओळखींचा उपयोग का होतो यावर समाजशास्त्रात जुना अभ्यास आहे. मार्क ग्रॅनोव्हेटर या अमेरिकन समाजशास्त्रज्ञाने १९७३ साली त्यावर एक निबंध लिहिला, जो आजही वाचला जातो. बॉस्टनजवळच्या न्यूटन गावात नोकरी बदललेल्या ज्या माणसांना ओळखीतून नोकरी कळली होती, त्यांना त्याने विचारलं होतं, की ज्याने सांगितलं तो तुम्हाला कितपत भेटत असे? बहुतेकांची उत्तरं 'अधूनमधून' किंवा 'क्वचितच' अशी होती. कारण सरळ आहे. जवळच्या मित्रांना जे माहीत असतं ते आपल्यालाही बहुधा माहीत असतं, तर दूरच्या ओळखीचा माणूस दुसऱ्या वर्तुळात वावरतो आणि तिथल्या बातम्या त्याच्याकडे असतात. २०२२ साली 'सायन्स' नियतकालिकात लिंक्डइनच्या सुमारे दोन कोटी वापरकर्त्यांवर केलेला प्रयोग प्रसिद्ध झाला. त्यात दिसलं की नोकरी मिळण्यात सर्वांत उपयोगी पडतात त्या मध्यम पुसट ओळखी, अगदीच अनोळखी म्हणाव्यात अशा नव्हेत. कार्ड घेऊन विसरलेला माणूस अनोळखीतच जमा होतो. एक प्रश्न आणि दोन ईमेल झालेला माणूस त्या मधल्या पट्ट्यात येतो.

नोकरीबद्दल विचारावं की नाही? विचारावं, पण त्याला वेळ आणि जागा असते. कारखान्याच्या खर्चाने, कारखान्याचा टी-शर्ट घालून प्रदर्शनाला आलो असू, तर त्या दिवशी आपण त्यांचे प्रतिनिधी आहोत. तिथे त्यांच्याच ग्राहकाकडे किंवा स्पर्धकाकडे बायोडेटा देणं त्यांना खटकेल, आणि त्यांचं खटकणं रास्त आहे. इंटर्नशिप संपत आली की मग त्याच माणसाला लिहावं. तेव्हाही 'नोकरी द्या' असं नको. 'मला डीबरिंग आणि ड्रिलिंगच्या प्रक्रियेवर पुढे काम करायचं आहे, असं काम कुठल्या कारखान्यांत चालतं, कुणाशी बोलू?' असं विचारावं. 'नोकरी आहे का?' या प्रश्नाचं उत्तर 'नाही' असतं आणि तिथेच बोलणं संपतं. 'कुणाशी बोलू?' याचं उत्तर एक नाव असतं. त्या मुलीने एप्रिलमध्ये मला हेच विचारलं. मी तिला दोन माणसांची नावं दिली आणि त्या दोघांनाही आधी फोन करून सांगितलं की ही मुलगी मोजून बोलते. त्यांतल्या एकाने तिला मुलाखतीला बोलावलं. पुढचं तिने स्वतः केलं.

सगळ्यांकडून उत्तर येत नाही, हेही सांगायला हवं. मार्च हा वर्षअखेरीचा महिना, त्यात सेल्सच्या माणसाला श्वास घ्यायला फुरसत नसते. जानेवारीतल्या ईमेलला दोन आठवडे उत्तर नाही आलं तर त्याच ईमेलखाली एक ओळ लिहून आठवण करावी. दुसऱ्यांदाही उत्तर नाही आलं तर थांबावं. पण आपल्याकडे सांगण्यासारखा निकाल आला, तर दोन महिन्यांनीही तो कळवायला हरकत नाही. पहिल्या दोन ईमेलना गप्प राहिलेली माणसं आकडे पाहून बोलू लागलेली मी पाहिली आहेत.

शेवटची एक गोष्ट कॉलेजच्या प्रोजेक्ट रिपोर्टची. मे महिन्यात मुलं आभाराचं पान लिहितात आणि मदत केलेल्यांची नावं भरतात. बाहेरच्या कंपनीतल्या माणसाचं नाव घालण्याआधी त्याला एक ईमेल करून विचारावं, कारण त्याच्या कंपनीला ते चालेलच असं नाही. रिपोर्टात ग्राहकाचं नाव आणि भागाचा नंबर न घालता 'स्टीलचा मॅनिफोल्ड' एवढंच लिहावं, आणि छापायला देण्याआधी मसुदा कारखान्यातल्या गाईडला दाखवावा. त्या मुलीने मला विचारलं तेव्हा मी होकार दिला, आणि रिपोर्टची प्रत पाठव असं सांगितलं. ड्रिल किती भोकांनंतर बदलावं याचा तिने काढलेला तक्ता मी आता माझ्या ग्राहकांना सल्ला देताना वापरतो, तिच्या कारखान्याची परवानगी घेऊन.